दाखल होताच वजन: वॉर्डातली पोषण-तपासणी पायरीपायरीने

(कुपोषण जागृती सप्ताहाच्या पहिल्या सत्रात नव्या रेसिडेंट डॉक्टरांसाठी आणि नव्याने रुजू झालेल्या सिस्टर-ब्रदरांसाठी केलेलं उद्घाटनाचं भाषण)

सगळ्यांना नमस्कार. कुपोषण म्हटलं की आपल्या ठाण्याकडच्या माणसाला जव्हार-मोखाड्याची हाडं दिसणारी मुलं आठवतात. मी आज त्यांच्याविषयी बोलणार नाही. कळवा, दिवा, घणसोली, तुर्भे इथून रिक्षात बसून येणारी मोठी माणसं आपल्याकडे न्यूमोनियासाठी, मोडलेल्या खुब्यासाठी, मधुमेहाच्या जखमेसाठी दाखल होतात. आजारामुळे, किंवा आजाराच्या आधीपासून, त्यांचं अंग झडत चाललेलं असतं आणि केसपेपरवर त्याचा एक शब्दही नसतो. मी बोलणार आहे ती या माणसांबद्दल.

तुमची डायटिशियन म्हणून माझं मागणं एकच आहे. वॉर्डात आलेल्या प्रत्येक प्रौढ रुग्णाचं खरं वजन आणि पोषणाचा स्कोअर पहिल्या चोवीस तासांत केसपेपरवर यावा. रात्री दोनला दाखल झाला असेल, तर सकाळच्या नाश्त्याआधी यावा. यासाठी आपण ‘मस्ट’ हे साधन वापरतो. ब्रिटनमध्ये तयार झालेलं हे साधन 2003 पासून वापरात आहे. त्यात रक्ताची तपासणी नाही, मशीन नाही. काटा, टेप आणि दोन-तीन नेमके प्रश्न एवढ्यावर भागतं. गरोदर स्त्रिया आणि मुलं यांच्यासाठी ते नाही. आयसीयूतल्या रुग्णांसाठीही आपण वेगळ्या पद्धतीने जातो, कारण तिथे दोन दिवसांहून जास्त राहणारा प्रत्येक जण धोक्यातच धरायचा असतो. बाकी सगळ्या वॉर्डांत मात्र मस्ट.

तीन पायऱ्यांना गुण द्यायचे, बेरीज करायची आणि बेरजेप्रमाणे वागायचं. आपण एक रुग्ण घेऊन चालू. आजी आहेत, वय 66, घणसोली गावातल्या. मधुमेह जुना, इन्सुलिन चालू. ताप आणि खोकल्यासाठी मेडिसिन वॉर्डात दाखल. दिसायला चांगल्या भरलेल्या आहेत. कागदावर हे उदाहरण मी रचलंय, पण असे रुग्ण तुम्हाला दर आठवड्याला भेटतील.

पहिली पायरी: वजन आणि उंची

वजन काट्यावरच घ्यायचं. विचारून लिहायचं नाही आणि अंदाजाने तर अजिबात नाही. काटा शून्यावर आहे का बघा, चपला काढायला लावा, शाल-स्वेटर बाजूला ठेवा, लघवीला जाऊन आल्यावर घ्या. आजींना उभं राहवत नसेल, तर त्यांना व्हीलचेअरसकट मोठ्या काट्यावर घ्या आणि रिकाम्या खुर्चीचं वजन वजा करा. त्या खुर्चीचं वजन एकदा मोजून तिच्या पाठीवर मार्करने लिहून ठेवलं, तर पुढच्या पाळीतल्या सिस्टरचा वेळ वाचतो.

आजींचं वजन भरलं 59.5 किलो. उंची 152 सेंटिमीटर. किलोतलं वजन मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. 1.52 गुणिले 1.52 म्हणजे 2.31, आणि 59.5 भागिले 2.31 म्हणजे साधारण 25.8. हा बीएमआय. तो 20 च्या वर असला तर गुण 0, 18.5 ते 20 असला तर 1, आणि 18.5 च्या खाली असला तर 2. आजींना इथे 0 मिळाला. ‘भरलेल्या आहेत’ हे डोळ्यांनी जे पाहिलं, तेच आकड्यानेही सांगितलं. बहुतेक वॉर्डांत तपासणी इथेच थांबते, आणि नेमक्या अशाच आजी हातातून सुटतात.

पाठीला बाक आलेल्या किंवा खाटेवरून हलू न शकणाऱ्या रुग्णाची उंची मोजता येत नाही. अशा वेळी डावा हात छातीवर आडवा घ्यायचा, तळवा उजव्या खांद्यावर ठेवायचा आणि कोपराच्या टोकापासून मनगटाच्या वर आलेल्या हाडाच्या मध्यापर्यंतची लांबी मोजायची. या लांबीवरून उंची काढायचा तक्ता मस्टच्या कागदातच आहे. तो तिकडच्या लोकांवरून बनवलेला असल्यामुळे आलेली उंची अंदाजे समजा, आणि ‘हातावरून’ असं शेजारी लिहा.

वजन कुठल्याही उपायाने घेता येत नसेल, तर दंडाचा घेर घ्या. कोपर काटकोनात वाकवून खांद्याच्या हाडापासून कोपराच्या टोकापर्यंतचा मध्य शोधा, पेनाने खूण करा, मग हात सैल सोडायला लावून त्या खुणेवर टेप गुंडाळा. टेप मांसात रुतवायची नाही आणि ढिलीही ठेवायची नाही. घेर 23.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर बीएमआय बहुधा 20 च्या खाली आहे असं धरतात. यावरून थेट गुण देत नाहीत, पण संशय पक्का करायला एवढं पुरतं. खुब्याच्या फ्रॅक्चरच्या रुग्णाला ट्रॅक्शन लावलेलं असतं, तेव्हा हाच उपाय कामी येतो.

दुसरी पायरी: वजन किती उतरलं

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. तीन ते सहा महिन्यांत, मुद्दाम प्रयत्न न करता, वजन किती टक्के घटलं, हा प्रश्न आहे. 5 टक्क्यांपेक्षा कमी घट असेल तर 0, 5 ते 10 टक्के असेल तर 1, 10 टक्क्यांच्या वर असेल तर 2.

अडचण येते ती जुन्या वजनाची. ‘वजन कमी झालंय का?’ असं विचारलंत तर दहातले नऊ जण ‘नाही हो, काही नाही’ म्हणतील. आजींना सणावारांवरून विचारा. सप्टेंबरात विचारत असाल, तर सहा महिन्यांपूर्वी पाडवा होता आणि तीन महिन्यांपूर्वी वटपौर्णिमा. ‘आजी, वटपौर्णिमेला हाच ब्लाऊज घातला होता का? तेव्हा कसा बसत होता?’ या प्रश्नाला उत्तर मिळतं. बांगड्या कोपराकडे सरकतात का, अंगठीला दोरा गुंडाळलाय का, कवळी सैल झाली का, पुरुष असेल तर पट्ट्याला नवीन भोक पाडलंय का, हे बघा. आजींच्या हातातल्या हिरव्या बांगड्या पार वर सरकत होत्या, आणि सून म्हणाली की कवळी हल्ली जेवताना काढूनच ठेवतात.

त्यानंतर कागद शोधा. मधुमेहाची फाईल, ओपीडीचा जुना केसपेपर, मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीचं फिटनेस, कंपनीतल्या कामगाराचं वार्षिक मेडिकल, यातल्या कशावर तरी तारखेसकट वजन असतं. नातेवाईक घरी जायला निघाले की ‘येताना आजींची जुनी फाईल आणा’ एवढं सांगा. आजींच्या मधुमेहाच्या फाईलमध्ये मार्चच्या नोंदीला 68 किलो लिहिलेलं सापडलं.

आता हिशेब. 68 चे 10 टक्के म्हणजे 6.8 आणि 5 टक्के म्हणजे 3.4. आजींचं वजन 68 वरून 59.5 वर आलं, म्हणजे साडेआठ किलो घटलं. 6.8 पेक्षा हे जास्त आहे, तेव्हा गुण 2. टक्केवारी तंतोतंत हवी असेल तर 8.5 भागिले 68, म्हणजे साडेबारा टक्के. खाटेपाशी उभं राहून करायला मात्र ‘दहावा हिस्सा, त्याचा अर्धा’ ही रीत सोपी पडते.

काट्यावर घेण्याऐवजी मुलाने सांगितलं ‘पासष्ट असेल’ आणि आपण तेच लिहिलं, तर घट फक्त 3 किलो दिसली असती. म्हणजे 4.4 टक्के आणि गुण 0. एका अंदाजापायी आजी मोठ्या जोखमीतून थेट ‘काही काळजी नाही’ या रकान्यात गेल्या असत्या.

पायांना सूज असेल किंवा पोटात पाणी असेल, तर काट्यावर त्या पाण्याचंही वजन येतं. नडगीवर बोट दाबून खळगा पडतो का पाहा आणि वजनाशेजारी ‘सूज आहे’ असं लिहा. सूज असताना दिसणारी घट ही खऱ्या घटीपेक्षा कमीच असते, म्हणून सूज पाहून गुण खाली आणायचा नाही. उलट, लॅसिक्स दिल्यावर दोन दिवसांत चार किलो उतरले तर ते पाणी आहे. ते कुपोषणाच्या खात्यात धरायचं नाही.

तिसरी पायरी: आजाराचा परिणाम

इथे नवे लोक हमखास गोंधळतात. ताप आहे, ऑपरेशन आहे, म्हणून 2 गुण द्यायचे नाहीत. रुग्ण तीव्र आजारी आहे आणि पाच दिवसांपेक्षा जास्त काळ त्याच्या पोटात काहीच गेलेलं नाही, किंवा जाण्याची शक्यता नाही, तरच 2. आजी थोडं का होईना खात होत्या, त्यामुळे 0.

बेरीज 0, 2 आणि 0, म्हणजे 2.

बेरजेनंतर काय करायचं

0 आला तर नेहमीचं जेवण, आणि आठवड्याने पुन्हा तपासणी. 1 आला तर तीन दिवस खाण्याची नोंद. 2 किंवा त्याहून जास्त आला तर त्याच दिवशी डायटिशियनला रेफरन्स. रेफरन्समध्ये ‘डाएट ॲडव्हाइस’ असे दोन शब्द लिहू नका. ‘मस्ट 2, सहा महिन्यांत साडेबारा टक्के घट, इन्सुलिनवर’ असं लिहा, म्हणजे आधी कुठल्या खाटेकडे जायचं हे आम्हाला कळतं.

खाण्याची नोंद म्हणजे ताट उचलताना टाकलेली एक नजर. पूर्ण, अर्धं, पाव की काहीच नाही, एवढंच लिहायचं. ताट मावशी उचलतात, म्हणून त्यांना या कामात घ्या. ‘आजींनी भात तसाच ठेवला, वरण प्यायल्या’ हे मावशींना आपल्या आधी कळलेलं असतं. ‘टेकिंग ऑरली’ एवढ्या नोंदीवरून मला काही समजत नाही, कारण चमचाभर पेज घेतली तरी तेच लिहिलं जातं.

आता आजींचं असं का झालं ते बघा. साखर वाढते या भीतीने त्यांनी तांदळाची भाकरी निम्मी केली होती. कवळी सैल, म्हणून चावून खायचे पदार्थ सुटले. श्रावणात सुकट-बोंबील बंद, सोमवार-शनिवारचे उपास चालू. प्रथिनं मिळायचे मार्ग एकेक करून बंद होत गेले आणि इन्सुलिनचा डोस तेवढाच राहिला. अशा रुग्णाला रेसिडेंट डॉक्टर सवयीने ‘डायबेटिक डाएट, 1200 कॅलरी’ लिहितात. 59.5 किलोच्या आजारी माणसाला दिवसाला साधारण 1600 ते 1800 कॅलरी लागतात, आणि मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर 70 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. 1200 लिहून आपण तिची घरची उपासमार इथेही चालू ठेवतो. साखर औषधाने सांभाळा आणि जेवण कमी करू नका. डोस जेवणाशी जुळवा, कारण अर्धं ताट परत गेलं आणि इन्सुलिन पूर्ण गेलं तर रात्री साखर उतरते.

मी आजींसाठी मऊ भात आणि घट्ट मुगाचं वरण, वर चमचाभर तूप, दोन वेळा अंडं, मधल्या वेळी बिनसाखरेचं दूध आणि त्यात दूध पावडर असं लिहीन. सकाळी अकरा आणि संध्याकाळी पाच या दोन वेळा मुद्दाम बांधून घेईन. एका बैठकीत त्यांना जास्त खाववत नाही, म्हणून खाणं वाटून द्यावं लागतं.

डॉक्टरांसाठी आणखी एक गोष्ट. खोकला, मधुमेह आणि साडेबारा टक्के घट एकत्र दिसली, की थुंकी क्षयरोगाच्या तपासणीला पाठवा. वजन का उतरलं याचं उत्तर दर वेळी ताटात सापडत नाही. निदान क्षयाचं निघालं तर निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत महिन्याला 1000 रुपये मिळतात. नोंदणीच्या वेळीच बँक खात्याचे तपशील घ्या.

अल्ब्युमिन आणि सलाईन

‘अल्ब्युमिन बघू, मग ठरवू’ असं राउंडला ऐकू येतं. अल्ब्युमिन जंतुसंसर्गात आणि सूज-दाहात झपाट्याने खाली येतं, मग माणूस कितीही नीट जेवणारा असो. उलट, महिनोन् महिने अर्धपोटी राहिलेल्या माणसाचं अल्ब्युमिन ठीक असू शकतं. आजार किती गंभीर आहे ते त्यावरून कळतं, पोषण कळत नाही. रिपोर्टची वाट बघत स्कोअर थांबवू नका.

नातेवाईकांचं म्हणणं असतं, ‘सलाईन चालू आहे ना, ताकद मिळतेय’. त्यांना हिशेब सांगा. साध्या सलाईनमध्ये कॅलरी शून्य. 5 टक्के डेक्स्ट्रोजच्या 500 मिलीच्या बाटलीत 25 ग्रॅम ग्लुकोज असतं आणि त्यातून जेमतेम 85 कॅलरी मिळतात, म्हणजे सुमारे एका पोळीएवढ्या. प्रथिनं काहीच नाहीत. ऑपरेशनसाठी सकाळपासून उपाशी ठेवलेल्या रुग्णाचा नंबर संध्याकाळी रद्द झाला, की हातातलं काम बाजूला ठेवून आधी त्याचं जेवण मागवा. हे सलग तीन दिवस घडतं, आणि प्रत्येक पाळीला वाटतं की आजचाच एक दिवस होता.

एका ठिकाणी घाई नको

स्कोअर जास्त आला म्हणून नळीने भराभर अन्न सुरू करायचं नाही. दारूचं व्यसन असलेला, दहा-बारा दिवस जवळपास काही न खाल्लेला, 45 किलोचा माणूस आला आहे असं धरा. उपाशी शरीरात फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम यांचा साठा आटलेला असतो. अन्न पोटात गेलं की इन्सुलिन वाढतं आणि उरलेसुरले क्षारही रक्तातून पेशींत ओढले जातात. रक्तातली पातळी एकदम कोसळते. हृदयाचे ठोके बिघडतात, श्वासाचे स्नायू थकतात, झटके येतात. ‘काल जेवण सुरू केलं आणि आज धाप लागली, पाय सुजले’ असं कुणी हँडओव्हरला सांगितलं, तर सगळ्यात आधी फॉस्फेट पाठवा.

अशा रुग्णाचे हे तीनही क्षार आधी तपासायचे आणि कमी असतील तर भरून काढायला सुरुवात करायची. पहिला घास किंवा डेक्स्ट्रोज देण्याआधी थायामिन द्यायचं. पहिल्या दिवशी किलोमागे 10 कॅलरीपेक्षा जास्त नाही, म्हणजे याला 450. डेक्स्ट्रोजच्या बाटल्यांतल्या कॅलरीही यातच धरायच्या. मग चार ते सात दिवसांत हळूहळू वाढवायचं आणि पहिले काही दिवस रोज क्षार तपासायचे. आहाराची ऑर्डर लिहिण्याआधी अशा रुग्णासाठी मला फोन करा, रविवार असला तरी.

पहिल्याच दिवशी का

तिसऱ्या दिवशी तपासलं तर काय बिघडतं, असं तुमच्यातले काही जण विचारतील. स्वित्झर्लंडमधल्या आठ रुग्णालयांत 2088 रुग्णांवर झालेला अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. पोषणाची जोखीम आढळलेल्या रुग्णांपैकी निम्म्यांना दाखल झाल्यावर 48 तासांच्या आत ठरवून दिलेला आहार सुरू केला, निम्म्यांना रुग्णालयाचं नेहमीचं जेवण दिलं. 30 दिवसांत नेहमीच्या जेवणाच्या गटात 100 मागे सुमारे 10 मृत्यू झाले, आहार ठरवून दिलेल्या गटात सुमारे 7. औषधोपचार दोन्हीकडे नेहमीसारखेच होते. आपल्याकडे बरेच रुग्ण चार-पाच दिवसांत घरी जातात. तिसऱ्या दिवशी स्कोअर, चौथ्या दिवशी रेफरन्स असं झालं, तर मी पोहोचेपर्यंत आजी डिस्चार्जची पिशवी भरत असतात.

म्हणून कामं अशी वाटून घेऊ. टीपीआर घेताना सिस्टर वजन आणि स्कोअर करतील आणि टीपीआरच्याच पानावर वरच्या कोपऱ्यात लिहितील. सकाळच्या राउंडला रेसिडेंट डॉक्टर तो आकडा तोंडाने वाचतील. कोपरा रिकामा असेल तर राउंड तिथून पुढे जायच्या आधी वजन होईल. 2 किंवा जास्त असलेल्या खाटांची नावं दुपारी बारापर्यंत माझ्याकडे येतील, आणि त्या सगळ्यांना मी त्याच दिवशी बघीन. दर सोमवारी सकाळी वॉर्डातल्या सगळ्यांचं पुन्हा वजन, त्याच काट्यावर. आला तेव्हा 0 असलेला रुग्ण तीन आठवड्यांत 2 वर गेलेला याच सोमवारी सापडतो.

घरी जाताना डिस्चार्ज कार्डावर त्या दिवसाचं वजन, तारीख आणि स्कोअर लिहा. ‘पौष्टिक आहार घ्या’ असं लिहिण्याऐवजी आजींच्या कार्डावर रोज दोन अंडी, अकरा आणि पाचचं दूध, कवळी बसवून घेणे, डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास नको, दोन आठवड्यांनी ओपीडीत वजन, असं स्पष्ट लिहा. सुनेला ते वाचून दाखवा, आणि पुढच्या वेळी कुठल्याही दवाखान्यात जाताना हे कार्ड सोबत न्यायला सांगा.